व्हॉइसओव्हरमधली प्रादेशिक मराठी

जाहिरात, माहितीपट किंवा शेतकऱ्यांसाठीचा ऑडिओ ज्या भागात ऐकला जाणार आहे तिथल्या माणसाला तो आपला वाटावा, पण कुणीतरी आपली नक्कल करतंय असं वाटू नये, म्हणून शब्द आणि उच्चार ठरवण्याचं हे काम. यातलं बरंचसं स्क्रिप्टमध्येच होतं, गळ्यात कमी.

उदाहरण म्हणून कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा ३० सेकंदांचा ऑडिओ घेऊ, एवढ्यात साधारण ६०-७० शब्द आरामात बसतात. कागदावर येतं ते असं: "शेतकऱ्यांनी कपाशीच्या पिकामध्ये आंतरमशागत करावी व डोमकळ्या नष्ट कराव्यात." डोमकळी म्हणजे अळी लागल्यामुळे नीट न उमललेलं फूल. हे वाक्य असंच वाचलं की विदर्भात काय नि खानदेशात काय, सरकारी पत्रकच वाटतं. आधी ते बोलतं करायचं, "करावी"चं "करा", "पिकामध्ये"चं "पिकात", आणि कागदावर "पाणी सोडले" असलं तरी तोंडातून "सोडलं"च यायला हवं.

मग भागाप्रमाणे शब्द बदलायचे. विदर्भासाठी "डवरणी करा, डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा", आंतरमशागतीच्या या डवरणीलाच पश्चिम महाराष्ट्रात कोळपणी म्हणतात. विदर्भात कपाशीला पऱ्हाटीही म्हणतात, पण कपाशी हा शब्द सगळीकडे कळतो, म्हणून एकच रेकॉर्डिंग सगळीकडे जाणार असेल तर कपाशीच ठेवावा. फवारणी, फरदड, कामगंध सापळा हे शब्द कापूसपट्ट्यात आहेत तसेच चालतात, त्यांना हात लावायची गरज नाही.

गडबड होते ती उच्चारात. वऱ्हाडीत आणि खानदेशात ळ चा य आणि ण चा न होतो हे ऐकून बाहेरचा कलाकार "अळी"ला "अयी" म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात "डोमकळी" शुद्ध म्हणतो, वर मधेच एक "बाप्पा" टाकतो. तिथला माणूस हे लगेच पकडतो, कारण तो स्वतःही घरी एक बोलतो आणि कृषी सहायकासमोर दुसरं, आणि ही माहिती त्याला त्या दुसऱ्या सुरातच अपेक्षित असते. ती बोली लहानपणापासून बोलत नसाल तर आपला उच्चार साधा ठेवा आणि फक्त शब्द तिथले घ्या. अस्सल बोलीच हवी असेल तर त्याच भागातला आवाज घ्यावा, दुसरा मार्ग मला तरी पटत नाही.

मात्र "जास्त"मधला ज आणि "जीव"मधला ज वेगळे आहेत, हे हिंदीतून आलेल्या आवाजाला सांगावंच लागतं, ही चूक कुठल्याच भागात खपत नाही.

तपासायला रेकॉर्डिंग त्या भागातल्या दोन-तीन जणांना काही न सांगता ऐकवायचं. ते हसले किंवा "हा कुठला आहे?" असं विचारलं तर परत रेकॉर्ड करा. सापळे एकरी किती लावायचे हे विचारायला लागले तर ऑडिओ जाऊ द्यायला हरकत नाही.