कॅशच्या अलीकडे की पलीकडे: क्लाउडफ्रंट फंक्शन्स आणि लॅम्ब्डा ॲट एज

ॲमेझॉनचं क्लाउडफ्रंट साइटच्या पानांच्या प्रती जगभरच्या ठिकाणी कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतं आणि वाचकाला जवळून देतं. तिथेच, वाचकाच्या जवळ, आपला कोड चालवायच्या त्यात दोन सोयी आहेत. लॅम्ब्डा ॲट एज 2017 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, क्लाउडफ्रंट फंक्शन्स 2021 मध्ये आली. दोन्हींत जावास्क्रिप्ट चालते, दोन्हींनी रिडायरेक्ट करता येतो, हेडर बदलता येतात. त्यामुळे बहुतेक जण फरक एका वाक्यात उरकतात: एक हलकं आणि स्वस्त, दुसरं जड आणि ताकदवान. हे खोटं नाही, पण साइट बिघडते ती यामुळे नव्हे. खरा प्रश्न आपला कोड कॅशच्या कोणत्या बाजूला बसलाय हा असतो.

क्लाउडफ्रंट चार जागी कोड लावू देतं. वाचकाची विनंती आल्या आल्या, म्हणजे व्ह्यूअर रिक्वेस्ट. कॅशमध्ये काही सापडलं नाही आणि मूळ सर्व्हरकडे जायची वेळ आली, तर ओरिजिन रिक्वेस्ट. तिथून उत्तर परतलं की ओरिजिन रिस्पॉन्स, आणि वाचकाच्या हाती पडण्याआधी व्ह्यूअर रिस्पॉन्स. दुकानातला गल्ला आणि मागचं गोदाम असा हा मामला आहे: गल्ल्यावरच्या माणसाला प्रत्येक गिऱ्हाईक भेटतं, गोदामातल्याला मात्र फळीवर माल नसेल तेव्हाच हाक जाते. क्लाउडफ्रंट फंक्शन्स फक्त गल्ल्यावर बसतात. लॅम्ब्डा ॲट एज दोन्हीकडे बसू शकतं, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकविक्रेत्याची साइट आहे. पुण्यातल्या वाचकाला पहिल्या पानावर ‘आज संध्याकाळपर्यंत घरपोच’ अशी पट्टी दाखवायची, बाकीच्यांना नाही. दोन पानं तयार आहेत, `/index.html` आणि `/pune/index.html`. शहर क्लाउडफ्रंटच सांगतं, `CloudFront-Viewer-City` या हेडरमधून. काम करणारा लॅम्ब्डा लिहितो आणि ओरिजिन रिक्वेस्टला लावतो. जागेची निवड तशी सकारण असते, कारण व्ह्यूअर रिक्वेस्टवरच्या लॅम्ब्डाला हे शहराचं हेडर मिळतच नाही. शहर पुणे असेल तर पत्ता बदलायचा, एवढाच कोड. चाचणीत पट्टी दिसते आणि सगळे खूश होतात.

मग नागपूरहून फोन येतो: पट्टी दिसली म्हणून पुस्तक मागवलं, संध्याकाळ उलटून गेली. झालेलं असं असतं. कॅशमध्ये पान कोणत्या नावाने ठेवायचं, ते ओरिजिन रिक्वेस्टच्या आधीच ठरतं. साठवलेल्या पानाची मुदत संपल्यावर पहिली विनंती पुण्याची आली, कोडने पुण्याचं पान आणलं, पण ते ठेवलं गेलं `/` या नावाखाली. पुढे त्या कॅशकडे येणाऱ्या प्रत्येकाला तेच पान, आणि कोड चालतच नाही, कारण माल फळीवर आहे. सर्व्हरने काही मुदत सांगितली नसेल, तर नेहमीच्या सेटिंगनुसार हे 24 तास चालू शकतं. पहिली विनंती नागपूरची असती तर उलट झालं असतं, पुणेकरांची पट्टी गायब. ते तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

ओळखायची खूण म्हणजे उत्तरातलं `x-cache` हेडर. चुकीचं पान आणि `Hit from cloudfront` एकत्र दिसलं, की कोडचं तर्कशास्त्र तपासण्यात वेळ घालवू नये. कोड त्या विनंतीला चाललेलाच नाही. `x-amz-cf-pop` हेही बघावं. त्यात विमानतळाच्या संक्षेपाने ठिकाण कळतं, म्हणजे BOM असेल तर मुंबई. ठिकाणागणिक कॅश वेगळी असल्यामुळे एकाला बिघाड दिसतो आणि शेजारच्या टेबलावरचा ‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय’ म्हणतो.

इलाज म्हणून अनेक जण शहराचं हेडर कॅश पॉलिसीत घालतात, म्हणजे प्रत्येक शहरासाठी पान वेगळं साठतं. पान बरोबर येतं खरं, पण सातारा, सोलापूर, सिंगापूर प्रत्येकाची वेगळी प्रत होते आणि जवळजवळ प्रत्येक नवं शहर मूळ सर्व्हरवर जाऊन धडकतं. आपल्याला हवे आहेत फक्त दोन प्रकार. म्हणून तोच कोड उचलून क्लाउडफ्रंट फंक्शनमध्ये, व्ह्यूअर रिक्वेस्टवर ठेवायचा:

```js
function handler(event) {
  var r = event.request;
  var c = r.headers['cloudfront-viewer-city'];
  if (r.uri === '/') {
    r.uri = (c && c.value === 'Pune')
      ? '/pune/index.html' : '/index.html';
  }
  return r;
}
```

आता पत्ता कॅश बघण्याआधी बदलतो, म्हणून दोन पानं दोन नावांनी साठतात. शहराचं हेडर मूळ सर्व्हरकडे काय पाठवायचं ते ठरवणाऱ्या ओरिजिन रिक्वेस्ट पॉलिसीत तेवढं घालावं लागतं, नाहीतर फंक्शनला ते दिसत नाही. कॅश पॉलिसीला हात लावायची गरज नाही. शहर मात्र आयपीवरून काढलेला अंदाज असतो. कोथरूडमधला मोबाइलही मुंबईत दिसू शकतो, त्यामुळे पट्टीपुरतं ठीक, पण डिलिव्हरीचे पैसे यावर ठरवू नयेत.

रिडायरेक्टची हीच कथा, फक्त दुखणं अधिक चिवट. जुने दुवे `book.php?id=412` असे असतील आणि कॅश पॉलिसी क्वेरी स्ट्रिंग धरत नसेल, तर ओरिजिन रिक्वेस्टवरच्या लॅम्ब्डाने दिलेला पहिला 301, म्हणजे कायमचा रिडायरेक्ट, साठतो आणि सगळे जुने दुवे त्या एकाच पुस्तकावर जातात. वर 301 ब्राउझरही लक्षात ठेवतो, म्हणजे आपण कॅश पुसली तरी वाचकाकडे तो उरतो. व्ह्यूअर रिक्वेस्टवर दिलेला रिडायरेक्ट क्लाउडफ्रंट साठवत नाही, दर वेळी कोड चालतो. क्लाउडफ्रंट फंक्शन दहा लाख वेळा चालवायचे 10 सेंट पडतात, तेव्हा खर्चाची चिंता नको. लॅम्ब्डाला त्याच दहा लाखांचे 60 सेंट, आणि चालण्याच्या वेळेचे वेगळे. फंक्शनच्या कोडला 10 केबीची मर्यादा असल्यामुळे हजारो दुव्यांची यादी त्यात मावत नाही. ती कीव्हॅल्यूस्टोअर या क्लाउडफ्रंटच्याच साठ्यात ठेवावी, तिथे 5 एमबीपर्यंत जागा आहे.

हेडरसाठी मी दोन्हींपैकी काहीच सुचवणार नाही. सुरक्षेची ठरीव हेडर लावायला रिस्पॉन्स हेडर्स पॉलिसी पुरते, कोड लागत नाही. शिवाय मूळ सर्व्हरने 400 किंवा वरचा स्टेटस कोड दिला तर व्ह्यूअर रिस्पॉन्सवरचा कोड चालतच नाही, म्हणून 404 च्या पानावर ती हेडर नसतात आणि सुरक्षा तपासणीत नेमकं तेच पान पकडलं जातं.

मग लॅम्ब्डा ॲट एज घ्यायचं कधी? बाहेर नेटवर्कवर काही विचारायचं असेल, विनंतीचा मजकूर वाचायचा असेल किंवा पायथन हवं असेल तेव्हा. क्लाउडफ्रंट फंक्शनला यातलं काहीच जमत नाही. त्याला 2 एमबी मेमरी आणि एका मिलिसेकंदाच्या आतलं काम एवढंच. ओरिजिन बाजूच्या लॅम्ब्डाला 30 सेकंद मिळतात. चित्र लहान करून साठवणं हे त्याचं हक्काचं काम, कारण तिथे निकाल कॅशमध्ये जावा हीच इच्छा असते. दोन्ही एकाच साइटवर नांदतात, पण एका बिहेव्हिअरमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एका नमुन्यासाठी लावलेल्या नियमांत, व्ह्यूअर रिक्वेस्टला एक आणि व्ह्यूअर रिस्पॉन्सला दुसरं अशी सरमिसळ चालत नाही.

लॉग शोधतानाही दोघांच्या वाटा वेगळ्या. लॅम्ब्डा बनवावा लागतो व्हर्जिनियातच, `us-east-1` मध्ये, पण लॉग पडतो तो जिथे चालला त्याच्या जवळच्या रीजनमध्ये. पुण्याच्या वाचकाचा बहुधा मुंबईत, `ap-south-1` मध्ये मिळतो. क्लाउडफ्रंट फंक्शनचा लॉग मात्र वाचक कुठलाही असो, `us-east-1` मध्येच असतो.