कुकरचं झाकण उडालं: कंपनीला पत्र कोणी लिहायचं, कसं लिहायचं, सोबत काय जोडायचं

गॅस बंद झाला, भाजलेल्या माणसावर उपचार सुरू झाले, की घरातला पुढचा हात ओट्याकडे आणि छताला चिकटलेल्या डाळीकडे जातो. तो थोडा वेळ थांबवा. आधी सगळीकडचे फोटो काढा. ओटा मग खुशाल पुसा, पण कुकर घासू नका. भांडं, झाकण, शिट्टी आणि गॅस्केट आहे त्या अवस्थेत खोक्यात भरून ठेवा.

याचं कारण सोपं आहे. शिट्टीखालची नळी तुंबली तर वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून निघायला हवी. त्यातला धातू ठरावीक तापमानाला वितळून वाट मोकळी करतो. व्हॉल्व्ह शाबूत असताना झाकण उडालं असेल, तर एक तर व्हॉल्व्हने काम केलं नाही, किंवा झाकण दाब पेलण्याइतकं बसलेलंच नव्हतं. कंपनी हमखास दुसरी शक्यता पुढे करते आणि दोष वापरणाऱ्यावर ढकलते. घासलेल्या कुकरवरून मग काहीच ठरवता येत नाही.

पत्र कोण लिहू शकतं?

बिल ज्याच्या नावावर आहे त्यानेच लिहायला हवं असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. म्हणजे मुलाने घेतलेल्या कुकरसाठी आई पत्र लिहू शकते. वस्तू व्यवसायासाठी घेतली असेल तर हा हक्क राहत नाही. मात्र पोटापाण्यासाठी स्वतः डबे करणाऱ्या बाईला त्यातून सूट आहे.

गॅरंटी संपली म्हणून गप्प बसू नका. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाची जबाबदारी कायद्याने वेगळी मानली आहे, आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ग्राहकाने वस्तूचा गैरवापर किंवा त्यात फेरफार केला असेल, तर मात्र कंपनी हात वर करू शकते.

कागदपत्रं

बिल हरवलं असेल तर ऑनलाइन ऑर्डरची नोंद, यूपीआयची नोंद किंवा दुकानदाराकडून दुसरी प्रत चालते. गॅरंटी कार्ड असेल तर तेही. कुकरवरचा आयएसआय शिक्का आणि त्याखालचा CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक यांचा जवळून फोटो घ्या आणि तो क्रमांक BIS Care ॲपवर तपासा. घरगुती प्रेशर कुकरला हा शिक्का फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा आहे. क्रमांक खोटा निघाला तर प्रकरणच वेगळं होतं. दवाखान्याचे कागद, औषधांची बिलं, शेगडी किंवा फरशीच्या दुरुस्तीची पावती यांच्या प्रती जोडा. मूळ कागद एकही पाठवू नका. (गॅस कंपनीच्या विम्यावर विसंबू नका, अपघाताचं मूळ कारण गॅस असेल तरच तो लागू होतो.)

पत्रात काय लिहायचं?

पत्ता कुकरच्या खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत असतो. मजकुरात अंदाज नकोत, घडलं तेवढंच. समजा, नाशिकच्या एका घरात पाच लिटरचा कुकर होता:

"दि. 4 रोजी सकाळी तूरडाळ शिजत ठेवली होती. कुकर निम्म्यापेक्षा कमी भरलेला होता. आच मोठी असताना, एकही शिट्टी न होता झाकण उडाले. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळलेला नाही (फोटो 3). गॅस्केट आपल्याच कंपनीचे असून गेल्या वर्षी बदलले आहे. माझ्या उजव्या हाताला भाजले. उपचारांचा खर्च 6,400 रुपये व शेगडीचे नुकसान 2,800 रुपये. कुकर आहे त्या स्थितीत जपून ठेवला आहे. आपल्या तंत्रज्ञाने 15 दिवसांत घरी येऊन माझ्यासमोर तपासणी करावी, लेखी अहवाल द्यावा व खर्चाची भरपाई करावी."

गॅस्केट बाजारातलं साधं असेल तर तसंच लिहा. तपासणीत ते लपत नाही, आणि लपवलेलं उघड झालं की बाकीच्या पत्रावरचाही विश्वास उडतो.

पत्र पोच मिळेल अशा पद्धतीने स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. बहुधा आधी फोन येतो: "कुकर सर्व्हिस सेंटरला द्या, नवा घेऊन जा." इथेच अनेकांचं प्रकरण संपतं. कुकर द्यायचाच असेल तर त्याच्या स्थितीचं वर्णन असलेली पावती घ्या, आणि "आता माझी कोणतीही तक्रार नाही" असं छापलेल्या कागदावर सही करू नका.

उत्तर आलं नाही तर

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, नाहीतर थेट जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. शुल्क मागितलेल्या भरपाईवर नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. पाच लाखांपर्यंत ते शून्य आहे, त्यामुळे कुकरसाठी काही भरावं लागत नाही. गरज पडल्यास आयोग कुकर सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून दोन वर्षांची मुदत मात्र थांबत नाही.