रिकामी चौकट एकच, कारणं दोन

फोंड्यातल्या एका नाट्यमंडळाने प्रयोगाचं निमंत्रण इमेलने धाडलं. तारीख, वेळ, राजीव गांधी कला मंदिराचा पत्ता, सगळं एकाच पोस्टरवर. मोबाईलवरच्या जीमेलात ते झकास दिसलं. पणजीतल्या एका कचेरीत आउटलूक उघडणाऱ्यांना मात्र मजकुराच्या जागी नुसती पांढरी चौकट. "चित्र ब्लॉक झालं" असं सगळेच म्हणतात, पण चौकट दोन वेगळ्या कारणांनी रिकामी राहते आणि दोन्हींचा उपायही वेगळा.

पहिल्या प्रकारात चित्र इमेलमध्ये नसतंच. आत असतो फक्त त्याचा पत्ता, आणि मेल उघडल्यावर ते दूरच्या सर्व्हरवरून आणायचं असतं. आणायला गेलं की तुम्ही मेल कधी उघडली, कुठल्या नेटवर्कवरून, हे त्या सर्व्हरला कळतं. म्हणून आउटलूक अनोळखी पाठवणाऱ्यांची अशी चित्रं मुळातच अडवून ठेवतो. जीमेल 2013 च्या अखेरीपासून ती गूगलच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवतो, म्हणून तिथे पोस्टर दिसलं.

दुसऱ्या प्रकारात चित्र मेलमध्येच जोडलेलं असतं आणि मजकूर त्याला एका खुणेने बोलावतो. ते बाहेरून आणायचं नसल्यामुळे आउटलूक सहसा अडवत नाही. घोळ होतो तो कचेरीच्या दारात. सुरक्षेची यंत्रणा जोडलेल्या फाइली काढून टाकते, खूण उरते, चित्र गायब.

ओळखायचं कसं? चौकटीवर उजवं क्लिक करून `Download Pictures` निवडा. चित्र आलं तर पहिला प्रकार. तो पर्यायच नसेल तर बहुधा दुसरा. पर्याय असूनही काही येत नसेल, तर कचेरीचं फायरवॉल त्या सर्व्हरलाच रोखत असावं. चित्राचा पत्ता तिथल्याच ब्राउझरमध्ये उघडून पाहा. पक्कं हवं असेल तर तीच मेल जीमेलात `Show original` ने पाहा:

```
<img src="https://example.com/poster.jpg">
<img src="cid:poster1">
```

वरची ओळ पहिल्या प्रकाराची, खालची दुसऱ्या. खालच्या मेलमध्ये पुढे `Content-ID: <poster1>` असा भाग सापडायलाच हवा. कचेरीत पोचलेल्या प्रतीत तो नसेल तर चित्र वाटेत काढलं गेलं, आणि वाचणाऱ्याने कितीही क्लिक केलं तरी उपयोग नाही. अशा वेळी तिथल्या आयटीवाल्यांनाच गाठावं लागतं.

मग मंडळाने चित्र जोडूनच पाठवावं का? मोजक्या लोकांना असेल तर खुशाल. पण 450 केबीचं पोस्टर मेलमध्ये जोडताना एन्कोडिंगमुळे सुमारे 600 केबी होतं, आणि तो भार प्रत्येक प्रतीवर चढतो. मोठ्या यादीला पत्ताच परवडतो.

माझ्या मते मुळातली चूक वेगळीच आहे: प्रयोगाची वेळ चित्रात कोंबायचीच कशाला? दोन ओळी साध्या मजकुरात लिहा, चित्र न दिसल्यास त्याच्या जागी दिसणाऱ्या `alt` मजकुरातही तारीख घाला. चित्र अडवलं की आउटलूक त्या मजकुराच्या आधी आपली सूचना दाखवतो, म्हणून `alt` ची ओळ आखूडच ठेवा.