रीळ जवळ येईल की लांब पळेल?

मिरकरवाडा असो की हर्णै, बंदराच्या धक्क्यावर नायलॉन दोराचं रीळ दोन्ही कडांवर टेकून चाकासारखं उभं आहे अशी कल्पना करा. दोर मधल्या गाभ्याच्या खालच्या अंगानं सुटून तुमच्याकडे आलाय. तो जमिनीला समांतर ओढला, तर रीळ कुठे जाईल? विचारून बघा, बहुतेक जण सांगतील की दोर उलगडेल आणि रीळ लांब पळेल. प्रत्यक्षात ते तुमच्याकडे येतं, आणि येता येता दोर उलटा गुंडाळून घेतं. आता तोच हात वर वर नेत ओढा. एका ठरावीक कोनाला रीळ घुटमळतं. त्याच्याही वर हात नेलात की ते लांब जातं आणि दोर उलगडू लागतो.

सगळा घोटाळा होतो तो रीळ आसाभोवती फिरतंय असं धरून चालल्यामुळे. न घसरता गडगडणारी वस्तू त्या त्या क्षणी फिरते ती जमिनीला टेकलेल्या बिंदूभोवती. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट पुळणीवरून सायकल न्या आणि मागचा ठसा पाहा. टायरची नक्षी रेघ न् रेघ स्वच्छ उमटलेली असते, कुठेही फरफटलेली नसते. टेकलेला भाग त्या क्षणी वाळूच्या मानानं स्थिर असल्याशिवाय असा ठसा उमटणार नाही. रिळाचंही तसंच आहे. आस पुढे सरकत असतो, टेकलेला बिंदू मात्र क्षणभर थांबलेला असतो.

आता रिळावर काम करणारी बळं मोजू. वजन मध्यातून सरळ खाली जातं, म्हणजे टेकलेल्या बिंदूतूनच. जमिनीचा वरचा रेटा त्याच बिंदूतून, आणि घर्षणही तिथेच. बिजागरीवरच जोर लावला तर दार फिरत नाही, तशी ही तिन्ही बळं रिळाला त्या बिंदूभोवती फिरवू शकत नाहीत. उरतो फक्त दोर. म्हणून दोराची रेषा मागे, जमिनीपर्यंत वाढवून पाहायची. हात खाली असताना ही रेषा टेकलेल्या बिंदूच्या वरून जाते आणि पलीकडे कुठेतरी जमिनीला मिळते, त्यामुळे रीळ तुमच्याकडे वळतं. हात बराच वर असताना रेषा बिंदूच्या अलीकडे, तुमच्या बाजूला जमिनीला मिळते. तेव्हा तीच ओढ रिळाला उलटं फिरवते. रेषा नेमकी बिंदूतूनच गेली, तर फिरवणारं काही उरतच नाही. दोर गाभ्याला स्पर्शून निघतो, त्यामुळे दोराचा जमिनीशी होणारा हा कोन θ केवळ दोन त्रिज्यांवर ठरतो. गाभ्याची r आणि कडेची R धरली, तर

cos θ = r/R

वजन किती, जमीन कसली, जोर किती लावला, यातलं काहीही या सूत्रात नाही, आणि मला तरी त्याचं सौंदर्य तिथेच वाटतं.

घरी करून पाहायला बागेच्या पाणीपुरवठ्याचा ६३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या. त्याचा ८ सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि दोन्ही टोकांना प्लायवूडच्या १२६ मिलिमीटर व्यासाच्या चकत्या चिकटवा. चकत्यांचे मध्य पाइपच्या मध्याशी जुळले नाहीत, तर रीळ स्वतःच्या वजनानंच डुलतं आणि प्रयोग बिघडतो. तंगुसाचे किंवा बारीक दोऱ्याचे चार-पाच वेढे गाभ्याच्या मधोमध, एकाच थरात द्या. दोरा एका बाजूला सरकला की रीळ तिरकं वळतं. इथे r/R निम्मं आहे, म्हणून कोन ६० अंश. कोनमापकाची गरज नाही. दोरा गाभ्यापासून सुटतो तिथून हात १० सेंटिमीटर पुढे आणि साधारण १७ सेंटिमीटर वर असला, की ६० अंश झाले. बाजूनं पाहत दोऱ्याच्या रेषेत एक सरळ काडी धरा, म्हणजे ती जमिनीला कुठे मिळते ते डोळ्यांना दिसतं.

नेमका कोन साधल्याची खूण अशी: हळू ओढलं तर रीळ जागचं हलत नाही, आणि जोर वाढवला तर ते न फिरता, तसंच्या तसं घसरत तुमच्याकडे येतं. रिळाचं वजन २०० ग्रॅम आणि घर्षणांक ०.३ धरला, तर सुमारे ८० ग्रॅम वजनाइतक्या ओढीला ते घसरू लागतं. खरखरीत जमिनीवर, घर्षणांक ०.६ असेल तर, हीच ओढ १२० ग्रॅमच्या जवळ जाते.

बहुतेक वेळा प्रयोग फसतो तो इथेच. हिसका दिला की घर्षण अपुरं पडतं, टेकलेला बिंदू स्थिर राहत नाही आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. आडव्या ओढीला हिसका बसला, तर रीळ तुमच्याकडे घसरत येतं, पण फिरतं उलटं, आणि दोरा उलगडतो. पावसाळ्यात ओलसर लादीवर हे हमखास होतं. कोरड्या कोब्यावर किंवा सारवलेल्या अंगणात सावकाश ओढा. कोरडी, भुसभुशीत वाळू नकोच. तिच्यात कडा रुततात आणि टेकण्याचा एक बिंदू असा राहतच नाही.

असं रीळ ‘ये’ म्हटल्यावर येतं आणि ‘जा’ म्हटल्यावर जातं असं दाखवून त्यामागे सिद्धी असल्याचं कोणी सांगू लागलं, तर त्याला हिसका न देता, दोर एकाच कोनात धरून दोन्ही आज्ञा द्यायला सांगा. दोराचा कोन थोडा बदलल्याशिवाय ते त्याला जमणार नाही.

मोठ्या रिळाशी काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की इथे r म्हणजे गाभ्यावर शिल्लक असलेल्या दोरासकट त्रिज्या. भरलेल्या रिळाचं r/R ०.९ असेल, तर कोन २६ अंशच. तुम्ही ३० अंशांनी ओढत असाल, तर रीळ लांब जातं, दोर सुटत राहतो, सगळं ठीक चाललेलं वाटतं. पण दोर संपत येतो तशी r घटते आणि तो कोन वाढत जातो. r/R ०.८७ च्या खाली गेलं की हात होता तिथेच असतो, आणि पुढच्या ओढीला रीळ तुमच्याकडे यायला लागतं. शिवाय ते हातापेक्षा वेगानं येतं. आडव्या ओढीत r/R निम्मं असेल, तर हात १० सेंटिमीटर मागे घेतल्यावर रीळ २० सेंटिमीटर पुढे सरकतं. ०.९ असेल तर तेवढ्याच ओढीला ते पूर्ण मीटरभर येतं. अर्थात तेवढं ओढायला जोरही जास्त लागतो, पण उताराच्या धक्क्यावर ती मर्यादा उरत नाही.

म्हणून जड रीळ जमिनीवर ठेवून दोर ओढू नये. गाभ्यातून सळई घालून ते दोन घोड्यांवर उचलून घ्यावं. जमिनीचा स्पर्श सुटला की फिरण्याचा बिंदू आसावर जातो, आणि मग दोर कोणत्याही कोनातून ओढला तरी उलगडतोच. विजेच्या भूमिगत केबलचे ड्रम याच पद्धतीनं जॅकवर उचलून रिकामे करतात. ड्रम गडगडत न्यावाच लागला, तर त्याच्या कडेवर रंगवलेल्या बाणाच्या दिशेनं न्यायचा, कारण त्या दिशेला वेढे आवळतात. उलट नेला तर ते सैल पडतात आणि एकमेकांत अडकतात.