फोटो कॉर्नर (घरगुती, साडीच्या पडद्याचा)

वाढदिवस, बारसं, डोहाळजेवण नाहीतर लग्नात पाहुण्यांना उभं राहून फोटो काढता यावा म्हणून एका कोपऱ्यात लावलेला पडदा आणि हातात धरायच्या वस्तू. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आता हॉलबरोबर हे भाड्याने पण मिळतं, पण इथे घरच्या साड्या-बांबूवर होणाऱ्या कमी खर्चाच्या प्रकाराचीच माहिती आहे.

उगमाबद्दल एकमत नाही. एक मत असं की हा स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्याचा वारसा. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ साली व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोचं पेटंट घेतलं, फोटो स्वस्त झाले आणि खांब, जिना, बाग रंगवलेले पडदे स्टुडिओत सगळीकडे दिसायला लागले, आपल्याकडेही ते आले. दुसरं मत नाटकाच्या पडद्याकडे बोट दाखवतं, आणि या भागात ते मत आवडीने सांगितलं जातं कारण १८८० मध्ये शाकुंतल रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पण नाटकाचा पडदा लांबून बघायचा असतो, त्याच्यापुढे पाहुणे उभे राहत नाहीत, त्यामुळे हा धागा जरा ओढून ताणून जोडल्यासारखा वाटतो. हातातल्या वस्तूंचं मात्र वेगळं आहे. डोहाळजेवणातला पुठ्ठ्याचा चंद्र, होडी, धनुष्यबाण, बोरन्हाणातले हलव्याचे दागिने हे सगळं फोटोसाठी सजण्याचंच काम करत आलंय. तेव्हा पडदा स्टुडिओचा आणि वस्तू घरातल्या सणावाराच्या, असं मानणं जास्त पटतं. आजचं रूप बहुधा मोबाईल कॅमेरा घरोघरी आल्यानंतरचं, २०१० च्या आगेमागे धरायला हरकत नाही.

लग्नासाठीची नेहमीची रचना म्हणजे आठ फूट रुंद, साडेसात फूट उंच. दोन उभे बांबू रंगाच्या रिकाम्या बादल्यांत ओली वाळू ठासून रोवायचे, वर आडवा बांबू सुतळीने आवळायचा. एक इंची पीव्हीसी पाईप पण चालतो पण आठ फुटांवर तो साडीच्या वजनाने मधे झुकतो, म्हणून आत काठी सारतात. साडी न कापता आडवी लावायची हीच यातली खरी युक्ती. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट, ती आठ फुटांत चुण्या घालत बसवली की एक वीत बांबूवर दोन वीतांपेक्षा थोडी जास्त साडी बसते आणि पडदा भरलेला दिसतो. पन्हा पंचेचाळीस इंच, म्हणजे पावणेचार फूट, त्यामुळे एका साडीत उंची भागत नाही, दोन लागतात. शहापूर-खासबागच्या जुन्या काठाच्या साड्या घरात असतात त्या इथे कामाला येतात, वरच्या साडीचा खालचा काठ जोड झाकतो आणि तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

खालची साडी जमिनीपासून चार फुटांवर लावतात, म्हणजे वरची तिच्यावर तीन इंच येते. एवढीच सवड असते. बरेच जण तिथे दोरी बांधतात आणि इथेच घोळ होतो, दोरी मधे लोंबते, तीन इंच संपतात आणि फोटोत मधोमध भिंत दिसते, दोरी अजून ताणली तर उभे बांबूच आत वाकतात. दुसरा बारीक बांबू आडवा बांधला की प्रश्न मिटतो.

आता ही जोडाची रेघ मोठ्या माणसाच्या कमरेच्या थोडी वर येते म्हणून खटकत नाही. पाच वर्षांच्या पोराच्या मात्र बरोबर डोक्यालगत येते, डोक्यावर फळी ठेवल्यासारखी. म्हणून वाढदिवसाला साड्या नकोतच, नव्वद बाय एकशे आठ इंची साधी डबल बेडशीट आडवी लावली की नऊ फूट रुंदी आणि साडेसात फूट उंची बिनजोड मिळते. फक्त इस्त्री हवी, घडीच्या रेघा फोटोत चेहऱ्याआधी दिसतात.

उजेडासाठी पडदा दाराकडे तोंड करून लावतात, दार पाठीमागे आलं तर चेहरे काळे पडतात. संध्याकाळी समोर थोड्या बाजूला दोन एकसारखे पांढरे बल्ब, एक पिवळा एक पांढरा केला की अर्धा चेहरा हळदीचा. पडद्याला टेकून उभं राहिलं की मागे सावली चिकटते, म्हणून जमिनीवर दोन फुटांवर चिकटपट्टी मारतात, तरी पाहुणे मागेच सरकतात, कुणीतरी "पुढं या की वहिनी" म्हणत उभं राहावंच लागतं.

वस्तूंत फेटा, पुठ्ठ्याच्या मिश्या, चष्मे, पाट्या. पाटीवर इथे मराठीबरोबर कन्नड मजकूरही असतो, पाहुणे दोन्हीकडचे असतात. काडीला टोक ठेवत नाहीत, पोरं डोळ्यात घालतात, त्यापेक्षा घट्ट गुंडाळलेला पेपर बरा.

अंगणात वारा असेल तर एवढा पडदा शिडासारखा फुगतो आणि बादल्या असल्या तरी पुढे कलतो, तेव्हा दोन्ही बांबूंना मागच्या खिळ्याला ताण देतात. सिंथेटिक साडीजवळ फुलबाजीची मेणबत्ती किंवा समई नको, आणि गॅसचे फुगेही आगीपासून लांबच, फुगेवाल्याच्या सिलिंडरमध्ये पुष्कळदा हायड्रोजन असतो आणि तो भडकतो.