भस्म्या, धडधड आणि थायरॉइड : तीन लक्षणांची गाठ कशी पडली

भरपूर जेवूनही ज्याचे अंग धरत नाही, त्याला आपल्याकडे ‘भस्म्या झालाय’ असे म्हणण्याची रीत आहे. आयुर्वेदातील भस्मक या संज्ञेवरून हा शब्द रूढ झाला असून, अतितीव्र झालेला अग्नी अन्न संपले की शरीरातील धातूंनाच जाळू लागतो, अशी त्यामागची कल्पना आहे. भस्मक म्हणजेच आजचा थायरॉइडचा विकार, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. मात्र भूक वाढलेली असताना वजन उतरते तेव्हा जळणाचा हिशोब कुठेतरी चुकत असतो, ही त्या शब्दातील जाण नेमकी आहे. युरोपातील वैद्यकाला हा हिशोब मांडेपर्यंत एकोणिसावे शतक संपत आले होते.

त्याला उशीर होण्याचे मुख्य कारण असे की, सर्वांचे लक्ष प्रथम हृदयाकडे गेले. इंग्लंडमधील बाथ येथील डॉक्टर केलेब पॅरी यांनी 1786 मध्ये एका 37 वर्षांच्या स्त्रीला तपासले, तेव्हा तिच्या छातीत जोराची धडधड होती आणि गळ्यासमोरची ग्रंथी सुजलेली होती. त्यांची ही टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, 1825 मध्ये छापली गेली. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी 1835 मध्ये अशाच स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली, आणि त्यांतील एकीच्या हृदयाचे ठोके चार फुटांवरूनही ऐकू येत, असे त्यांनी नोंदवले. पुढे 1840 मध्ये जर्मनीतील मेर्सेबुर्गच्या कार्ल फॉन बासेडो यांनी गलगंड, बाहेर आलेले डोळे आणि धडधड हे त्रिकूट मांडले. या त्रिकुटात भुकेला स्थान नव्हते. ग्रंथीची सूज हा हृदयाच्या किंवा मज्जातंतूंच्या बिघाडाचा परिणाम असावा, असाच तर्क बराच काळ चालला. रुग्ण बहुतांशी स्त्रिया असल्यामुळे ‘हिस्टेरिया’चा शिक्काही सहज बसला.

दिशा बदलली ती उलट बाजूने. थायरॉइड मंदावलेल्या, म्हणजे सुजलेल्या, थंडी सहन न होणाऱ्या रुग्णांना इंग्लंडमधील जॉर्ज मरे यांनी 1891 मध्ये मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला आणि ते सुधारले. अर्काची मात्रा जास्त झाली की रुग्णाची नाडी वेगाने चाले आणि वजन उतरे, हेही लवकरच दिसून आले. लठ्ठपणा घालवण्यासाठी हा अर्क सर्रास खाल्ला जाऊ लागला, तेव्हा धडधडत्या हृदयाचे रुग्ण त्या हौसेतूनही तयार झाले. ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या एखाद्या द्रव्याचा अतिरेकच हा आजार घडवतो, हे म्हणणे पाउल म्योबियस यांनी 1886 मध्येच मांडले होते. त्याला आता आधार मिळाला.

निर्णायक पुरावा मात्र बर्लिनच्या आडॉल्फ माग्नुस-लेव्ही यांनी 1895 मध्ये दिला. उपाशीपोटी, शांत पडून असलेला माणूस किती प्राणवायू वापरतो, हे त्यांनी मोजले. वाढलेल्या थायरॉइडच्या रुग्णांत हा वापर निरोगी माणसापेक्षा बराच जास्त भरला, मंदावलेल्यांत तो कमी होता, आणि थायरॉइड खाऊ घातल्यावर तो वाढत असे. म्हणजे रुग्ण निपचित पडलेला असतानाही त्याच्या शरीरातील भट्टी जोरात चालू होती.

या शोधाचा अर्थ आकड्यांत पाहिला की भुकेचे कोडे सुटते. समजा, 55 किलो वजनाच्या एका स्त्रीचे शरीर नुसत्या विश्रांतीत दिवसाला सुमारे 1250 कॅलरी खर्च करते. थायरॉइडमुळे हा खर्च दीडपट झाला, तर रोज 625 कॅलरी जास्तीच्या लागतील. एक मध्यम ज्वारीची भाकरी साधारण 150 कॅलरींची धरली, तर तूट भरून काढण्यासाठी तिला रोज चार भाकऱ्या अधिक खाव्या लागतील. ती दोनच अधिक खाते. तेवढ्यानेही घरातले लोक तिच्या खाण्यावर बोलू लागतात. तरीही रोज सव्वातीनशे कॅलरींची तूट उरतेच. एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी साठलेल्या असतात, हे धरले तर महिन्याला सव्वा किलो आणि चार महिन्यांत पाच किलो वजन उतरेल. प्रत्यक्षात ते याहून वेगाने उतरू शकते, कारण चरबीबरोबर स्नायूही झिजतात; जमिनीवर बसलेली बाई गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही, ते यामुळे.

हृदयाची गतीही याच हिशोबात बसते, पण तिला दोन कारणे आहेत. एक म्हणजे वाढलेल्या जळणाला प्राणवायू पुरवायचा आणि तयार झालेली उष्णता कातडीकडे न्यायची, तर रक्त अधिक फिरवावे लागते. दुसरे असे की, थायरॉइडचे संप्रेरक हृदयाच्या पेशींवर थेट काम करून ठोक्यांचा वेग आणि जोर वाढवते. म्हणूनच ही धडधड चिंतेच्या धडधडीहून वेगळी ओळखता येते. घाबरलेल्या माणसाची नाडी गाढ झोपेत खाली येते. या रुग्णाची झोपेतही बहुधा नव्वदीच्या वरच राहते. जुने डॉक्टर परिचारिकेला रात्री झोपलेल्या रुग्णाची नाडी मोजायला सांगत, आणि ती युक्ती आजही घरी करून पाहण्यासारखी आहे.

मधुमेहातही भूक वाढून वजन उतरते. तिथे मात्र साखर लघवीवाटे वाया जाते, त्यामुळे सतत तहान लागते आणि वारंवार लघवीला जावे लागते. थायरॉइडच्या रुग्णाला उकाडा सोसत नाही, तळवे ओलसर असतात आणि पसरलेली बोटे बारीक थरथरतात.

माग्नुस-लेव्हींच्या मोजणीतून निघालेली चाचणी पुढे अनेक दशके निदानासाठी वापरली गेली. रुग्णाला उपाशी ठेवून, निजवून, नाकाला चिमटा लावून नळीतून श्वास घ्यायला लावीत; पण तो नुसता घाबरला किंवा त्याला ताप असला, तरी आकडा फुगे. आता रक्तातील टीएसएच पाहतात. मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला जो हुकूम सोडते, तो हा. थायरॉइड स्वतःहूनच अतिकाम करू लागली की हुकूम जवळजवळ बंद होतो, त्यामुळे टीएसएच अगदी खाली आणि टी-3, टी-4 ही थायरॉइडची संप्रेरके वर, असे चित्र दिसते. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांत काही यंत्रांवर हेच चित्र खोटेच उमटते, तेव्हा तपासणीपूर्वी निदान दोन दिवस त्या थांबवतात. शिवाय बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन साठलेले संप्रेरक नुसते गळत असेल, तर अहवाल तसाच येतो. पण निर्मिती थांबवणारी कार्बिमाझोलसारखी औषधे तिथे उपयोगाची नसतात, आणि ते सहसा आपोआप ओसरते.

भूक नाही म्हणून थायरॉइड नाही, असेही मात्र धरता येत नाही. काही तरुण रुग्ण खर्चापेक्षाही जास्त खातात आणि त्यांचे वजन वाढते. उलट, अमेरिकेतील शल्यचिकित्सक फ्रँक लेही यांनी 1931 मध्ये असे रुग्ण वर्णिले, ज्यांच्यात अस्वस्थता आणि थरथर नव्हती, होती ती केवळ उदासीनता. वृद्धांमध्ये हे रूप विशेष आढळते. सत्तरीतल्या आजोबांची जेवणावरची वासना उडते, ते वाळत जातात, घरचे कर्करोगाच्या शंकेने तपासण्या करत राहतात, आणि खरा सुगावा असतो तो त्यांच्या मनगटाशी: जलद आणि ताल चुकत चालणारी नाडी.