दाढ एक, एस्टिमेटं दोन

गेल्या महिन्यात वहिनींची खालची दाढ रात्रभर ठणकत होती. पहाटेपर्यंत त्या गालाला हात लावून बसल्या होत्या. दोन दिवसांत ठाण्यातल्या दोन दवाखान्यांत दाखवून झालं आणि दोन कागद घरी आले. नौपाड्यातल्या कागदावर रूट कॅनॉल ४,५०० आणि कॅप ४,००० असे मिळून ८,५०० रुपये होते. घोडबंदर रोडच्या कागदावर एकच आकडा होता, १७,००० रुपये. घरातल्या सगळ्यांचं मत पडलं की दुसरा लुटतोय. मला मात्र आधी दोन्ही कागदांवर काय लिहिलेलं नाही ते बघायचं होतं.

रूट कॅनॉलमध्ये दाढेच्या आतली खराब झालेली नस काढतात, मुळांच्या नळ्या साफ करतात आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने त्या बंद करतात. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, कधी चार. या कामाला एक्स-रे लागतातच. एक सुरुवातीला, एक नळीत बारीक फाइल घालून लांबी बघायला, एक गटापर्चा टोकापर्यंत पोचतोय का ते पाहायला आणि शेवटचा भरून झाल्यावर. लांबी मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र असेल तर एखादा कमी होतो. नौपाड्यात विचारलं तेव्हा कळलं की एक्स-रेचे वेगळे, प्रत्येकी ३०० रुपये. चारांचे १,२०० झाले.

दुसरी गाळलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. किडीने पोखरलेल्या आणि वरून उघडलेल्या दाढेत मोठा खड्डा उरतो. त्यावर थेट कॅप बसत नाही. आधी आतून भक्कम भराव घालावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. हिरडीच्या वर खऱ्या दाताची निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीची कड सगळीकडून उरली, तर कॅप तिला कवेत घेते आणि दाढ फुटायचा धोका कमी होतो. ती कडच नसेल, तर कॅप कितीही महागाची घेतली तरी ती सुटते किंवा दाढच तुटते. म्हणून ‘कड किती उरली आहे?’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. वहिनींची कड चांगली होती. कोअरचे १,५०० रुपये.

मग कॅप. नौपाड्याच्या ४,०००मध्ये आत धातू आणि वर पोर्सिलेन असलेली कॅप होती, तर घोडबंदरच्या रकमेत अखंड झिर्कोनियाची. पहिलीत वरचा पोर्सिलेनचा थर कधीकधी टवका उडून निघतो. झिर्कोनिया चिवट असतो तो त्याच्या कणांमुळे. बारीक तडा पुढे सरकू लागला की टोकाजवळचे कण आपली रचना बदलून थोडे फुगतात आणि तड्याला दाबून धरतात. पण ‘झिर्कोनिया’ एवढंच लिहिलं असेल तर पुढे विचारा, अखंड की वर पोर्सिलेनचा थर दिलेली? थर असेल तर टवका उडण्याची भीती तिथेही आहे. नौपाड्यात अखंड झिर्कोनिया ८,०००ला होती, म्हणजे ४,००० जास्त.

आता बेरीज बघा: ८,५००, १,२००, १,५०० आणि ४,००० मिळून १५,२००. घोडबंदरच्या १७,०००मध्ये एक्स-रे आणि कोअर धरलेले होते. साडेआठ हजारांचा फरक १,८००वर आला.

राहिल्या सिटिंग. घोडबंदरला रूट कॅनॉल एका बैठकीत आणि कॅपसाठी दोन खेपा. नौपाड्यात एकूण पाच. जास्त खेपा म्हणजे पैसे उकळणं, असं मलाही वाटायचं. नस नुसती सुजलेली असेल तर एका बैठकीत काम होतं आणि ते टिकतंही. पण नळीतून पू येत असेल, ती कोरडीच होत नसेल, तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट ठेवून आठवडाभर थांबणं बरं. ओल्या नळीत भरण नीट बसत नाही. दाढ उघडेपर्यंत हे कोणालाच पक्कं सांगता येत नाही, म्हणून वहिनींनी दोन्हीकडे विचारलं, “डॉक्टर, खेप वाढली तर पैसे वाढणार का?” दोन्हीकडे उत्तर नाही असंच आलं.

वहिनींनी नौपाडा निवडलं, घरापासून चालत जाता येतं म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी जुना कागद बाजूला ठेवून नवा लिहून दिला: एक्स-रे, कोअर, अखंड झिर्कोनिया, एकूण १५,२००. दाढ उघडली तेव्हा मागच्या मुळात चौथी नळी निघाली आणि पूही होता. पेस्ट ठेवून आठवडाभराने परत बोलावलं. त्या रात्री वहिनी पहिल्यांदा सलग झोपल्या.